पेशीला कसं कळतं की डोकं इकडे करायचं?

आमच्या घरी राऊटर हॉलमध्ये आहे. तिथे वायफायच्या सगळ्या रेघा येतात, स्वयंपाकघरात दोन, आणि मागच्या गॅलरीत कशीबशी एक. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून मला घरात कुठेही उभं केलं आणि फक्त सिग्नल किती आहे ते सांगितलं, तरी मी राऊटरपासून साधारण किती लांब आहे हे मला ओळखता येईल. नकाशा लागणार नाही.

गर्भातल्या पेशी जवळपास हेच करतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात एक वेगळीच समजूत होती: जीन्समध्ये शरीराचा आराखडा असतो आणि पेशी तो बघून काम करतात. पण गंमत अशी की डोक्याच्या पेशीत आणि पोटाच्या पेशीत जीन्स तेच असतात. मग आपण कुठे आहोत हे पेशीला सांगतं कोण?

याचं सगळ्यात नीट तपासलेलं उत्तर मिळालं ते फळमाशीच्या अंड्यात. पिकलेल्या केळ्यांभोवती फिरणारी छोटी चिलटं आपण बघतो ना, त्यांतलीच ही.

अर्ध्या मिलिमीटरचं घर

फळमाशीचं अंडं साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रोमीटर लांब असतं. अंडं तयार होत असतानाच आई त्याच्या एका टोकाला 'बायकॉइड' नावाच्या जीनचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची चिठ्ठी, ठेवून देते. अंडं घातलं की त्या टोकाला बायकॉइड प्रथिन बनायला लागतं. ते तिथून पसरतं आणि पसरता पसरता नष्टही होत राहतं.

हे नष्ट होणं फार महत्त्वाचं आहे. प्रथिन नुसतंच पसरत राहिलं असतं, तर थोड्या वेळाने सगळ्या अंड्यात सारखंच झालं असतं, पाण्यात विरघळलेल्या साखरेसारखं. एका टोकाला तयार होणं, वाटेत पसरणं आणि सगळीकडे थोडं थोडं संपणं, या तिन्हींमुळे एक उतार तयार होतो. पुढच्या टोकाला भरपूर प्रथिन, मागे जवळपास शून्य. असा उतार तयार करून पेशींना जागा सांगणाऱ्या पदार्थाला मॉर्फोजेन म्हणतात.

आता आकडे घालून बघू. दर १०० मायक्रोमीटरला बायकॉइड साधारण ३७ टक्क्यांवर येतं. टोकाला १०० धरलं, तर १०० मायक्रोमीटरवर ३७, २०० वर १४ आणि बरोबर मध्यावर, म्हणजे २५० वर, फक्त ८ उरतं.

सिग्नल वाचायचा कसा?

या वेळी अंड्यात वेगवेगळ्या पेशी नसतातच. केंद्रकं १३ वेळा दुप्पट होतात, पण मध्ये भिंती घातल्या जात नाहीत. सुमारे सहा हजार केंद्रकं एकाच मोठ्या खोलीत राहतात, त्यामुळे बायकॉइड सरळ केंद्रकात शिरू शकतं. तिथे ते डीएनएवर बसतं आणि काही जीन्स चालू करतं.

त्यातला एक जीन 'हंचबॅक'. त्याच्या शेजारी बायकॉइडला बसायला अनेक जागा असतात आणि एक रेणू बसला की दुसऱ्याला बसणं सोपं होतं. त्यामुळे प्रथिन थोडं कमी झालं की जीन 'थोडा कमी' चालू राहत नाही, तो जवळपास बंदच होतो. आपल्या हिशोबात ही मर्यादा ८ समजा. मग पुढच्या अर्ध्या भागात हंचबॅक चालू, मागच्या अर्ध्यात बंद. उतार हळूहळू कमी होणारा, पण त्यावरून निघालेली रेघ एकदम ठसठशीत. ज्या जीन्सना बायकॉइड जास्त लागतं, ते फक्त अगदी पुढे, डोक्याच्या भागातच चालू होतात.

आणि हे वाचन किती बारीक असतं बघा. मध्यावरच्या एका केंद्रकात बायकॉइडचे सुमारे ७०० रेणू मोजले गेलेत. शेजारच्या केंद्रकात त्यापेक्षा जेमतेम १० टक्के कमी-जास्त असतात. एवढ्याशा फरकावर एकाकडे हंचबॅक चालू आणि शेजाऱ्याकडे बंद.

राऊटर हलवून बघूया

हे सगळं योगायोगाने जुळलेलं नाही, हे कशावरून? राऊटर बंद करून बघायचं, हलवून बघायचं आणि त्याची ताकद वाढवून बघायची. शास्त्रज्ञांनी तिन्ही केलं.

आईकडे चालणारा बायकॉइड जीनच नसेल, तर अळीला डोकं आणि छाती येत नाही. उलट पुढच्या टोकालाही शेपटीकडचे भाग तयार होतात. १९८८ मध्ये वोल्फगांग ड्रीवर आणि क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोल्हार्ड यांनी बायकॉइडचा उतार खरोखर मोजून दाखवला. पुढे त्यांच्या गटाने बायकॉइडचा आरएनए अंड्याच्या मधोमध टोचला, तर डोक्याचे भाग मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छातीचे भाग तयार झाले. म्हणजे 'पुढचं टोक' असं खास काही नसतंच. प्रथिन जिथे जास्त, तिथे डोकं.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात आपला साधा हिशोब चुकतो. आईला बायकॉइडच्या दोनऐवजी चार प्रती दिल्या, तर प्रथिन दुप्पट होईल. मग ८ ची रेघ २५० वरून थेट ३२० मायक्रोमीटरवर, म्हणजे जवळपास ७० मायक्रोमीटर मागे सरकायला हवी. प्रत्यक्षात सीमा मागे सरकतात खऱ्या, पण एवढ्या नाही. शिवाय डोक्याच्या वाट्याला जास्त जागा आली, तरी अशा अंड्यांतून बऱ्याचदा चांगल्या अळ्या निघतात, कारण तिथल्या जास्तीच्या पेशी नंतर मरून जातात.

म्हणजे केंद्रकं फक्त बायकॉइडचा आकडा बघून निर्णय घेत नाहीत. मागच्या टोकाकडूनही वेगळे सिग्नल येत असतात. आणि हंचबॅक, क्रुपेल यांसारखे जीन्स चालू झाले की एकमेकांना दाबतात, त्यातून सीमा पक्क्या होतात. मॉर्फोजेन पहिला कच्चा अंदाज देतो. शेवटची रेघ शेजाऱ्यांच्या रस्सीखेचीतून ठरते.

आणि आपला हात?

आपल्या गर्भात पेशींना सुरुवातीपासून भिंती असतात. त्यामुळे आपले मॉर्फोजेन पेशींच्या बाहेरून पसरतात आणि पेशी ते पृष्ठभागावर ओळखतात. पण उताराची युक्ती तीच. हाताचा कोंब फुटतो, तेव्हा करंगळीच्या बाजूच्या पेशी 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन सोडतात. हो, नाव व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या सॉनिकवरूनच आलंय. करंगळीच्या बाजूला ते जास्त असतं आणि अंगठ्याकडे जवळपास नसतंच.

हा जीन कुठे चालू व्हायचा हे ठरवणारा डीएनएचा एक तुकडा त्या जीनपासून खूप लांब असतो. त्या तुकड्यातलं एक अक्षर बदललं, तरी कधी कधी अंगठ्याच्या बाजूलाही सॉनिक तयार होतं. घराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक राऊटर लावल्यासारखं. तिथल्या पेशी सिग्नल अगदी बरोबर वाचतात आणि बाळ अंगठ्याशेजारी एक जास्तीचं बोट घेऊन जन्माला येतं.