टाळीने लागणारा दिवा

टाळी वाजली की फोनचा दिवा लागावा, पुन्हा वाजली की विझावा, असा प्रोग्राम दोन मैत्रिणींनी लिहायला घेतला. फोन आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतो. एकट्या नमुन्यावरून काहीच कळत नाही, म्हणून त्यांनी १,०२४ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांची, एक फ्रेम धरली. फ्रेममधल्या नमुन्यांच्या वर्गांची सरासरी ही तिची ऊर्जा. ती ठरावीक उंबरठा ओलांडते तेव्हा टाळी, हा पहिला नियम.

शांत खोलीत तो चालला. पंखा लावताच दिवा सारखा लागू-विझू लागला, आणि उंबरठा वाढवला तर लांबची टाळी निसटली. खरा उपाय उंबरठा परिस्थितीप्रमाणे हलता ठेवण्यात होता: आधीच्या सेकंदभरातल्या सरासरी ऊर्जेच्या आठपट. पंख्याची घरघर त्या सरासरीतच मुरते. टाळी तिच्यावर उसळते.

तरीही एकाच टाळीला दिवा लागून लगेच विझे, कारण खोलीत घुमणारा नाद पुढच्या फ्रेमांतही उंबरठ्याच्या वर राहतो. टाळी मोजल्यावर २०० मिलिसेकंद फोनने दुसरी मोजायचीच नाही, असे ठरवल्यावर हे थांबले. दार आपटले तर मात्र दिवा अजूनही लागतो. नुसत्या ऊर्जेवरून तो फरक कळत नाही.