चौघं शेजारी, पैसे दोघांचे

स्वस्त विमान कंपनीचं तिकीट काढताना नावं, जन्मतारखा भरून झाल्या की पडद्यावर विमानाचा नकाशा येतो आणि प्रत्येक सीटवर किंमत लिहिलेली असते. मागच्या बाजूची मधली सीट थोडक्यात मिळते. खिडकीला जास्त पैसे पडतात आणि पुढच्या रांगा तर चांगल्याच महाग असतात. सीट एकाला दाखवून भागत नाही, चौघांसाठी एकामागून एक विचारतात. बरोबर लहान मूल असलं की आईबाप फारसा विचार न करता चारही सीटा घेऊन मोकळे होतात, आणि कंपनीलाही तेच हवं असतं. या पानावर सीट घेणं मात्र सक्तीचं नसतं. काही न निवडता पुढे जाता येतं. मग वेब चेक-इनच्या वेळी किंवा विमानतळावर कंपनी स्वतःच सीट देते आणि त्याचे पैसे घेत नाही. भीती एवढीच, की देताना चौघांना चार दिशांना पांगवलं तर?

यातली निम्मी भीती नियमानेच संपवली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाबरोबर सीट द्यायची आणि तशी नोंदही ठेवायची. यातला प्रत्येक शब्द नीट वाचण्यासारखा आहे. ‘किमान एका’ म्हणजे आई आणि बाबा दोघंही मुलाजवळ असतील अशी हमी नाही. ‘12 वर्षांपर्यंत’ म्हणजे चौदा वर्षांची ताई या नियमात बसत नाही. आणि ‘त्याच पीएनआरवर’ हे तर सगळ्यात महत्त्वाचं. बाबांचं तिकीट ऑफिसने काढलं, बाकी तिघांचं आपण काढलं, तर संगणकाच्या लेखी बाबा परके. तिकिटं एकाच वेळी, एकाच आरक्षणात काढायची, हा सगळ्या खटाटोपाचा पाया आहे.

आणखी एक गोष्ट बुकिंगच्या पहिल्याच पानावर बिघडते. देशांतर्गत स्वस्त विमानांत दोन वर्षांवरच्या मुलाचं भाडं बहुधा मोठ्या माणसाइतकंच असतं. मग काही जण घाईत ‘चार प्रौढ’ निवडून टाकतात. पैशात फरक पडत नाही, पण आरक्षणात मूल आहे हे कंपनीला कळतच नाही, आणि मग पालकाजवळ सीट द्यायची तरी कशी? तेव्हा मुलाला ‘मूल’ म्हणूनच टाकायचं आणि जन्मतारीख विचारली तर खरी भरायची. वयाचा पुरावा, आधार किंवा जन्मदाखला, हाताशी ठेवायचा.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्याहून दिल्लीला निघालेलं चौकोनी कुटुंब: आई, बाबा, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. विमान नेहमीचं, एअरबस ए-320 जातीचं. रांगेत सहा सीटा, मध्ये वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन. A आणि F या खिडक्या, B आणि E मधल्या, C आणि D वाटेलगतच्या. म्हणजे चौघं एका सलग ओळीत बसूच शकत नाहीत. तिघं एकीकडे आणि एक वाटेपलीकडे, किंवा दोन-दोनच्या जोड्या, एवढेच पर्याय. चारही सीटा विकत घेतल्या तरी यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

म्हणून जोड्यांचाच विचार करायचा. मुलगा आणि बाबा ही जोडी नियमाने जुळायला हवी, त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत. उघडी राहते ती आई आणि मुलगी. त्यांच्यापुरत्या मागच्या भागातल्या शेजारच्या दोन सीटा घ्यायच्या, समजा 22A आणि 22B. सीट तीनशे रुपयांची धरली तर चौघांच्या जाण्यायेण्याचे 2400 रुपये होतात. दोघींपुरते घेतले तर 1200. चौदा वर्षांची मुलगी दोन तास अनोळखी माणसाशेजारी बसायला तयार असेल तर तेही वाचतात. माझ्या मते ते तिलाच विचारावं. तिच्या वयाच्या बऱ्याच मुली आईपासून चार रांगा लांब बसायला आनंदाने तयार होतील.

एक पर्याय मात्र वरून सोयीचा दिसतो आणि नंतर महागात पडतो: पोराने हट्ट धरला म्हणून त्याच्या एकट्यापुरती खिडकी विकत घ्यायची. त्याची सीट ठरून जाते, आणि तिच्या शेजारची जागा दुसऱ्या कुणी आधीच पैसे देऊन घेतली तर पालकाला तिथे बसवायला कंपनीकडेही जागा उरत नाही. घ्यायची तर जोडी घ्यावी, नाही तर नियमावर सोडावं.

यानंतर येतं वेब चेक-इन. इंडिगोचं देशांतर्गत उड्डाणासाठी 48 तास आधी उघडतं. ते उघडताच चौघांचं एकदमच करावं. एकेकट्याचं केलं तर एका कुटुंबाचे चार सुटे प्रवासी होतात. लवकर करायचं कारण साधं आहे, तेव्हा सलग रिकाम्या सीटा जास्त असतात. सीटा मिळाल्यावर चारही बोर्डिंग पासवरचे आकडे आणि अक्षरं शेजारी ठेवून बघावीत. 14C आणि 14D दिसायला शेजारी वाटतात, पण मध्ये वाट असते आणि त्या वाटेने खाण्याची गाडी जाते. आठ वर्षांच्या मुलासाठी हे चालेल की नाही ते आपण ठरवावं.

मुलगा 11E आणि बाबा 27B असं काही निघालं, तर लगेच पैसे भरून सीट बदलू नये. विमानतळावर थोडं लवकर जाऊन काउंटर गाठावा. “ताई, मुलगा आठ वर्षांचा आहे, सगळे एकाच पीएनआरवर आहोत, त्याला बाबांशेजारी द्या,” एवढं शांतपणे सांगितलं की पुरतं. रिकाम्या सीटा तिथल्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसतात. काउंटरवर बोर्डिंग पास घेतला तर जादा पैसे पडतील ही भीतीही नको. जुलै 2022 मध्ये विमान वाहतूक मंत्रालयाने असं शुल्क घेऊ नका, असं कंपन्यांना सांगितलं आहे. फक्त देशांतर्गत काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, हे लक्षात असू द्यावं.

काउंटरवरही जमलं नाही तर विमानात अदलाबदल. इथे लोक उलटं करतात. आपली मधली सीट पुढे करून दुसऱ्याची खिडकी मागतात, आणि समोरचा नाही म्हणाला की चिडतात. ज्याने खिडकीचे पैसे भरलेत तो मधल्या सीटवर का यावा? वरच्या उदाहरणात समजा आईने 22A आणि 22B घेतल्या आहेत आणि मुलगा मात्र 11E वर पडला आहे. मग 11D किंवा 11F वरच्याकडे वळू नये, त्यांच्याजवळ चांगली जागा आधीच आहे. 22C वर बसलेल्यालाही मधली 11E नकोच असणार. बघायचं ते कोण मधल्या सीटवर अडकलंय हे. बाबांना नशिबाने 27C मिळाली असेल तर 27B वरच्या माणसाला म्हणायचं: “तुम्ही वाटेकडची 27C घ्या, माझ्या मुलाची 11E मी घेतो, आई आणि मुलगा इथे...” नाही, हे कोडं फार लांबलं. सरळ उपाय असा: आईने आपली 22A खिडकी हातात धरून मुलाच्या शेजारच्याला द्यायची आणि स्वतः 11F वर यायचं. खिडकीच्या बदल्यात खिडकी, तीही घेतलेली. मुलगी मागे एकटी राहते, तर बाबांनी 22C वरच्याला आपली 27C द्यायची, म्हणजे तिच्या शेजारी बाबा. कुणाचंच काही बिघडत नाही. सगळे चढून झाल्याखेरीज हे सुरू करू नये आणि केबिन क्रूला सांगून करावं. वाटेत अडलेल्या रांगेचा राग उगाच आपल्यावर निघतो.

आपत्कालीन दाराजवळची रांग या हिशेबात धरू नये. तिथे पाय पसरायला जागा जास्त असली तरी मुलांना बसू देत नाहीत. आणि छोट्या शहरांकडे जाणारं एटीआर विमान असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. त्यात रांगेत दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीटा असतात, मधली सीट हा प्रकारच नाही, आणि कुटुंबाच्या दोन्ही जोड्या एकाच रांगेत, मध्ये फक्त वाट, अशा बसू शकतात.