दिवाळीतली सूट आणि आषाढातली सूट

सप्टेंबरच्या शेवटी खादी भांडारात जाऊन पाहा. सदऱ्याचं कापड पाहायला आलेला माणूस ते बोटांत धरून चोळून बघतो, पोत आवडल्याचं सांगतो आणि वर म्हणतो, "दोन ऑक्टोबरनंतर येतो." गांधीजयंतीपासून खादीवर सूट मिळते, हे आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. खादीच्या त्या सुटीचा भार बराच काळ सरकारी अनुदानानं उचलला. साध्या दुकानदाराला किंवा घरून साड्या विकणाऱ्या बाईला असा कोणी वाली नसतो. गिऱ्हाईक थांबायला शिकलं, तर त्याची किंमत तिच्याच गल्ल्यातून जाते.

ती किती जाते हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एक साडी २,००० रुपयांना विकली जाते. खरेदी, पॅकिंग आणि कुरिअर धरून तिच्यामागे १,४०० रुपये जातात, म्हणजे सुटतात ६००. वीस टक्के सूट दिली की विक्रीची किंमत १,६०० होते आणि हातात २०० उरतात. किंमत पाचव्या हिश्शानं उतरली, पण नफा दोनतृतीयांशानं गेला. आधीइतकेच पैसे सुटायला आता एका साडीच्या जागी तीन विकाव्या लागतील.

सेलच्या आठवड्यात तिप्पट साड्या खपतातही, आणि फसगत होते ती तिथेच. या दुकानात एरवी आठवड्याला ४० साड्या जातात. वर्धापनदिनाचा सेल ठरला, व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरली. सेलआधीच्या दोन आठवड्यांत २५ आणि २२ साड्या गेल्या, सेलमध्ये ११०, नंतरच्या दोन आठवड्यांत २० आणि २५. सेलचा आठवडा तेवढा पाहिला तर पेढे वाटावेसे वाटतात. पाचही आठवडे एकत्र धरले तर २०२ साड्या होतात, आणि सेल नसता तरी २०० गेल्याच असत्या. गिऱ्हाईक नवं आलं नाही, आगेमागे येणारं एका आठवड्यात गोळा झालं. नफा मात्र १,२०,००० वरून ७७,२०० वर आला. म्हणून सेलचा हिशेब सेलपुरता कधीच करू नये. आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे त्यात धरावेत, आणि सण असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच सणाशी ताडून पाहावं. सेलआधी विक्री बसत असेल, तर गिऱ्हाईक तारखेची वाट पाहू लागलं आहे असं समजावं.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. तीच साडी दोनदा १,६०० ला मिळाली की गिऱ्हाइकाच्या मनात तिची किंमत १,६०० च बसते. मग २,००० हा दर त्याला महाग वाटतो, क्वचित लुबाडणूकही वाटते.

मग सूट द्यायचीच नाही का? द्यावी, पण ती कशासाठी देतो हे आधी ठरवावं. आपल्याकडचा आषाढातला सेल या बाबतीत फार शहाणा आहे. आषाढात लग्नं आणि मंगलकार्यं थंडावतात, पावसानं बाजार ओस पडतो, लग्नसराईतला उरलेला माल कपाटात अडकलेला असतो आणि श्रावणापासून सण सुरू होणार असतात. नव्या मालाला जागा आणि पैसा हवा म्हणून जुना माल उतरत्या भावानं काढायचा. गिऱ्हाइकालाही हे कारण पटतं. हवा तो रंग मिळेलच याची खात्री नसते, म्हणून ज्याला नेमकी एखादी साडी हवी आहे तो आषाढापर्यंत थांबत नाही.

दिवाळीत सगळं उलटं असतं. बोनस हातात आलेला असतो, पाडव्याची आणि भाऊबीजेची ओवाळणी द्यायची असते, खरेदी होणारच असते. अशा वेळी सगळ्या मालावर सरसकट वीस टक्के सोडणं म्हणजे पूर्ण दरानं घ्यायला आलेल्याला आपण होऊन पैसे परत देणं. सणाला काहीतरी द्यायलाच हवं, हे मला मान्य आहे. ते दराला हात न लावता द्यावं. फॉल-पिको फुकट करून दिलं आणि दुकानाला त्याचे शंभर रुपये पडले, तर साडीमागे ५०० सुटतात आणि किंमत २,००० च राहते. बाहेर त्यासाठी वेगळे पैसे मोजून शिंप्याकडे खेपा घालणाऱ्या बाईला त्याचं मोल शंभरापेक्षा जास्त वाटतं. पुढच्या महिन्यात फॉल-पिको बंद केलं, तरी साडी महागली असं कोणी म्हणत नाही.

ऑनलाइन विक्रीत हाच प्रश्न कूपन कोडच्या रूपानं येतो. गिऱ्हाइकानं साडी निवडली, पत्ता भरला, पैसे भरायच्या पानावर आलं आणि तिथे 'कूपन कोड टाका' असा रिकामा चौकोन दिसला. त्या क्षणापर्यंत २,००० रुपये त्याला मान्य होते. आता आपण जास्त देतोय असं वाटून ते कोड शोधायला बाहेर पडतं, आणि त्यातली काही गिऱ्हाइकं परत येतच नाहीत. म्हणून हा चौकोन ठळक ठेवू नये. ज्याला सूट द्यायची त्याला अशी लिंक पाठवावी, की ती उघडली की सूट आपोआप लागेल.

`DIWALI20` सारखा सगळ्यांना एकच कोड दिला, तर तो एका दिवसात कूपन गोळा करणाऱ्या साइटवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचतो. त्यापेक्षा ज्याला द्यायचा त्याचा वेगळा, एकदाच चालणारा कोड काढावा. WooCommerce वर दुकान असेल तर कूपनच्या पानावर `Usage limit per coupon` मध्ये १ लिहावं, `Minimum spend` मध्ये नेहमीच्या बिलापेक्षा थोडी वरची रक्कम टाकावी आणि `Exclude sale items` वर खूण करावी. `Usage limit per user` वर एकट्यावर विसंबू नये. खातं न उघडता खरेदी करणाऱ्याला ते ईमेलवरून ओळखतं आणि ईमेल बदलणं सोपं असतं.

खरेदी अर्धवट सोडणाऱ्याला लगेच कोड पाठवण्याची पद्धतही महागात पडते. दोन वेळा असं झालं की लोक मुद्दाम अर्धवट सोडू लागतात. पहिला निरोप नुसत्या आठवणीचा असावा, त्यात साडीचा फोटो आणि काही शंका असल्यास विचारा एवढंच. आणि "फक्त दहा मिनिटं उरली" असं खोटं घड्याळ तर लावूच नये. अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे.

सवय आधीच लागली असेल, तर ती एका झटक्यात मोडू नये. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीनं ते करून पाहिलं. अ‍ॅपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी कूपनं आणि रोजचे सेल जवळपास बंद करून कायमचे कमी दर लावले. हिशेबानं ते गिऱ्हाइकाच्या सोयीचं होतं, पण वर्षानुवर्षं कूपन कापून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काही वाचवलं असं वाटेनासं झालं. त्या वर्षी विक्री सुमारे पाव हिश्शानं घटली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं आणि कूपनं परत आली.

आपल्या साडीवालीनं पहिल्या वर्षी एवढंच करावं, की नवा माल सेलमधून बाहेर काढावा आणि तसं आधीच सांगून टाकावं. दुसऱ्या वर्षी सूट फक्त ठरावीक जुन्या साड्यांपुरती ठेवावी आणि सेलची तारीख आधी फोडू नये. वर्धापनदिनाला फॉल-पिको द्यावं. सेलच्या आठवड्यातली विक्री कमी दिसेल, तिच्याकडे पाहून घाबरू नये. पूर्ण दरानं गेलेल्या साड्या दर महिन्याला वेगळ्या मोजाव्यात आणि तो आकडा वर चढतोय का तेवढं पाहावं.