एकसष्ट गुणांची मुदत

‘भावा, ग्रुप वन निघाला. चौथ्यात. एकूण १५८. टॅक्सचं एक्झम्प्शन या वेळी संपणार होतं, म्हणून जाम टेन्शन होतं. जास्तीचं काही वाचलं नाही रे. लॉची तपासलेली कॉपी मागवली, ती बघितल्यावर लिहायची पद्धत बदलली. एमसीक्यू एकही सोडला नाही. अकाउंट्सला टॅली शोधत बसलो नाही. एवढंच.’

सीए इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप सुटलेल्या एका मुलाने मित्राला पाठवलेला हा मेसेज. मित्रही त्याच परीक्षेत अडकलेला, त्यामुळे त्याला एका वाचनात सगळे कळले असणार. ज्यांच्या घरात सीएचा विद्यार्थी आहे, पण ‘चाळीसच्या वर गुण असून नापास कसा?’ हे कोडे सुटत नाही, त्यांच्यासाठी या ओळी उलगडून सांगायला हव्यात.

इंटरच्या एका ग्रुपमध्ये शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर असतात. पहिल्या ग्रुपात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कायदा आणि टॅक्सेशन. पास होण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५०. म्हणजे तिन्ही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवणारा मुलगा तीस गुणांनी नापास होतो. दुसरीकडे, एखाद्या पेपरात साठ किंवा जास्त गुण पडले आणि ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असले, तर ग्रुप नापास होऊनही त्या पेपरातून सूट मिळते. तेच एक्झम्प्शन. ते पुढच्या लागोपाठ तीन परीक्षांपुरते टिकते. त्या काळात तो पेपर द्यावा लागत नाही आणि त्याचे गुण बेरजेत धरले जातात.

आता या मुलाचा हिशोब पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला अकाउंट्समध्ये ३८, लॉमध्ये ४१ आणि टॅक्समध्ये ६१ मिळाले. ग्रुप गेला, पण टॅक्सचे ६१ हाती राहिले. पुढे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८९ हवे होते. जानेवारी २०२५ ला अकाउंट्स ५२ वर गेले आणि लॉ ३६ वर घसरला. मे महिन्यात त्याने लॉवर जोर दिला, तर दोन्हीकडे ४४ आले. बेरीज ८८, टॅक्स धरून १४९. एका गुणाने ग्रुप गेला. एका बाजूला वेळ दिला की दुसरी बाजू खाली जायची, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. मुलाने अभ्यास केला नाही, असे त्यांवरून म्हणता येत नाही, आणि घरच्यांनी ते म्हणूही नये.

सप्टेंबर २०२५ ही त्या ६१ गुणांची शेवटची परीक्षा होती. त्यानंतर एक तर तिन्ही पेपर पुन्हा, नाही तर कायमस्वरूपी सूट मागून घ्यायची. ही कायमची सूट ऐकायला सोपी वाटते, पण ती घेतली की उरलेल्या प्रत्येक पेपरात चाळीसऐवजी पन्नास लागतात. चौथ्या वेळी त्याला अकाउंट्समध्ये ५० आणि लॉमध्ये ४७ मिळाले. याच गुणांवर पुढच्या परीक्षेत, कायमची सूट घेऊन, तो लॉमध्ये नापास झाला असता.

लॉची कॉपी मागवणे ही त्याची सर्वांत शहाणपणाची चाल होती. निकालानंतर तीस दिवसांच्या आत अर्ज आणि शुल्क भरले की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. ती गुण वाढवण्यासाठी नसते. पुनर्मूल्यांकनाची सोय सीएच्या परीक्षेत नाही. पडताळणीत फक्त एखादे उत्तर तपासायचे राहिले का, बेरीज चुकली का, एवढेच पाहतात. पण आपले गुण नेमके कुठे सांडले, हे त्या पानांवर दिसते.

असा एक प्रश्न घेऊ. एक कंपनी १ जून २०२३ रोजी स्थापन झाली. तिचे पहिले आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२४ ला संपले आणि पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा १५ जानेवारी २०२५ ला झाली. हे कायद्याला धरून आहे का? घाईत लिहिणारा विद्यार्थी लिहितो : ‘सभा सहा महिन्यांत व्हायला हवी होती, म्हणून उशीर झाला.’ निष्कर्ष बरोबर, कारण चूक. सहा महिन्यांची मुदत नंतरच्या सभांना असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९६ नुसार पहिल्या सभेला पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात. म्हणजे इथे शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४. शिवाय रजिस्ट्रार तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतो, पण पहिल्या सभेसाठी नाही. त्यामुळे ती पळवाटही बंद.

आधी तरतूद, मग दिलेल्या तारखांना ती लावून दाखवणे आणि शेवटी निष्कर्ष, अशा तीन छोट्या परिच्छेदांत हे उत्तर लिहिले की गुण टप्प्याटप्प्याने मिळतात. या मुलाच्या कॉपीत पानोपानी निष्कर्षच आधी होता आणि तरतूद अर्ध्या ओळीत उरकलेली. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर तो न लिहिता तरतूद शब्दांत नीट मांडावी, हेही त्याने तेव्हाच ठरवले. चुकीचा क्रमांक बरोबर उत्तरावरही शंका आणतो.

एमसीक्यूचे कारण सरळ आहे. नव्या पद्धतीत प्रत्येक पेपरात तीस गुण अशा प्रश्नांना असतात आणि इंटरला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. सीए फाउंडेशनला मात्र कापतात. ती सवय अंगात राहिल्यामुळे हा मुलगा खात्री नसलेले पर्याय कोरे सोडून यायचा. मे महिन्यात एक गुण कमी पडला तेव्हा एक साधा अंदाजही पुरला असता.

अकाउंट्समधले दुखणे वेगळे होते. शंभर गुणांना तीन तास, म्हणजे चौदा गुणांच्या प्रश्नाला पंचवीस मिनिटे. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की मूल चूक शोधायला लागते. पंधरा-वीस मिनिटे त्यात जातात आणि शेवटचा प्रश्न हातचा जातो. वास्तविक एका आकड्याच्या चुकीने पूर्ण प्रश्नाचे गुण जात नाहीत, कारण पायऱ्यांचे आणि वर्किंग नोट्सचे गुण मिळतात. या वेळी त्याने प्रत्येक प्रश्नाला वेळ नेमून दिली, वर्किंग नोट्स स्वच्छ वेगळ्या लिहिल्या आणि न जुळलेला ताळेबंद तसाच ठेवून पुढे गेला.

मित्राने उलट विचारले, ‘माझे तिन्हींत बेचाळीस-त्रेचाळीस आहेत, मीही लॉचीच मागवू का?’ त्याने उत्तर दिले, ‘ज्या पेपरात तुला पंचावन्नची खात्री होती, त्याची मागव. आणि तीस दिवस मोज, उद्यावर ढकलू नकोस.’ सल्ला चोख आहे. जिथे अपेक्षा आणि गुण यांत सर्वाधिक अंतर, तिथेच लिहिण्यातला दोष सापडण्याची शक्यता जास्त. मित्राने त्याच रात्री अकाउंट्सच्या कॉपीसाठी अर्ज भरला. इकडे आपल्या मुलाने दुसऱ्या ग्रुपचे कॉस्टिंग काढले आहे. दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होत नाही.