वारस, मिरास आणि अरबीची भावंडे

भीमाशंकरच्या रस्त्यावर घोडेगाव लागते. आंबेगाव तालुक्याचा कारभार तिथून चालतो. खातेदार वारला की वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये चढतात. त्या कागदांवरच्या वारस, हक्क, मालक, कब्जेदार या शब्दांविषयी काही समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : हे फारसी शब्द आहेत.
ते फारसीतून आले, पण मूळचे अरबी. ‘कब्जेदार’मधला ‘दार’ तेवढा फारसी. तो संस्कृत ‘धृ’चा नातलग. फारसी अशी शेपटी जोडून शब्द घडवते. अरबी तीन व्यंजनांचा धातू घेते आणि त्याला साच्यात ओतते. व-र-थ म्हणजे वारशाने मिळणे. कर्त्याच्या साच्यात त्याचा ‘वारिथ’ होतो, म्हणजे आपला वारस. दुसऱ्या साच्यात आधी ‘मि’ लागतो, ‘व’ त्या इकारात विरतो आणि ‘मीराथ’ होते. तीच आपली मिरास. म्हणजे मिरासदार आणि वारस एकाच धातूचे.

गैरसमज : मालाचा धनी तो मालक.
अर्थ जुळतो, धातू जुळत नाही. माल म-व-ल चा, मालक म-ल-क चा. मुलूख आणि मलिक हे मालकाचे सख्खे. हिब्रूत राजाला ‘मेलेख’ म्हणतात, तोही याच धातूचा.

गैरसमज : हिब्रू अरबीतून निघाली.
वारसाला हिब्रूत ‘योरेश’ म्हणतात. ऐकायला लांबचा वाटतो, पण एकेक ध्वनी लावून पाहा. शब्दारंभीच्या ‘व’चा हिब्रूत ‘य’ होतो, दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ आणि ‘थ’चा ‘श’. ‘सलाम’ आणि ‘शालोम’मध्ये तोच आ-ओ बदल आहे. नाते ठरते ते अशा नियमित जुळणीवरून, नुसत्या सारखेपणावरून नव्हे. हिब्रूचे लेख अरबी साहित्याहून कित्येक शतके जुने, तरी इथला जुना ‘व’ आणि ‘थ’ अरबीनेच टिकवला. म्हणून दोघींपैकी कोणीच आई नाही, दोघी बहिणी.

गैरसमज : सारखे दिसते ते तिथूनच आले.
इथिओपियाच्या प्राचीन गेएझ भाषेत वारसा मिळण्याला ‘वरस’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभी मूळचा हबशी असलेल्या मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली होती. तेव्हा ‘वारस’ हबशांनीच आणला असे म्हणण्याचा मोह होतो. पण गेएझमध्ये ‘थ’चा ‘स’ तिच्या स्वतःच्या बदलाने झाला. आपल्याकडचा ‘स’ फारसी उच्चारातला, कारण फारसीत तो अरबी ‘थ’ नाही. खूण ‘कब्जा’त सापडते. अरबीत तिथे ‘द’सारखा एक जड ध्वनी आहे. फारसी बोलणाऱ्यांनी त्याचा ‘झ’ केला, आणि मराठीत आला तो त्यातूनच झालेला ‘ज’.