पैसा कोणाच्या हाती जाणार?

पोलादनगरी भिलाईतील ‘अ‍ॅटमास्टको’ ही पोलादी बांधणीची कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये 77 रुपये दराने समभाग विकण्यास एनएसईच्या लघु-मध्यम उद्योग मंचावर आली. किमान अर्ज 1,600 समभागांचा, म्हणजे 1,23,200 रुपयांचा. एवढी रक्कम अडकवण्यापूर्वी माहितीपत्रकातील ‘निधीचा विनियोग’ हे प्रकरण उघडावयास हवे होते. एकूण विक्री सुमारे 56 कोटींची. पैकी सुमारे 42 कोटी नव्या समभागांतून कंपनीला मिळणार होते आणि 14 कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात जाणार होते. यात गैर काही नव्हते. मात्र हा हिस्सा जवळपास 25 टक्के होतो, आणि ‘सेबी’ने 2025 पासून या मंचावर त्यास 20 टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

कंपनीच्या वाट्याच्या रकमेचा प्रमुख हेतू खेळते भांडवल हा होता. कारखाना किंवा यंत्र उभे राहिले की नाही, हे दिसते. खेळते भांडवल मात्र रोजच्या व्यवहारात मिसळून जाते. म्हणून अशा कोणत्याही माहितीपत्रकात येणी किती दिवसांत वसूल होतात, याचा तक्ता जोखमीच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावा. समजा, मागील तीन वर्षे वसुलीस 150 दिवस लागले आणि पुढील वर्षासाठी 110 धरले आहेत. तिकडे जोखमीच्या प्रकरणात मात्र मोजक्या बड्या ग्राहकांवर भिस्त असून ते पैसे उशिरा देतात, असे म्हटले आहे. मग ते 40 दिवस कोठून कमी होणार? उत्तर मिळाले नाही, तर उभारलेला पैसा अपुरा पडून कंपनी पुन्हा कर्जाकडे वळण्याचा संभव असतो.

जोखमीच्या प्रकरणातील बहुतेक परिच्छेद (महापूर, महासाथ, मंदी) सर्वच कंपन्यांचे सारखे असतात. ते चाळून सोडावेत. ज्यात आकडा, खटला किंवा ग्राहकांचा टक्का आहे, तेथे थांबावे. कामकाजातून येणारी रोकड उणे असल्याची कबुलीही येथेच सापडते, आणि नफ्याच्या रकान्याशेजारी ती बोलकी ठरते.

यंत्र वा सॉफ्टवेअर खरेदीचा हेतू असेल, तर दरपत्रक कोणी दिले ते पाहावे. ‘ट्रॅफिकसॉल’च्या सप्टेंबर 2024 मधील सुमारे 45 कोटींच्या विक्रीस कित्येक पट मागणी आली होती. त्यातील 17.70 कोटी एका सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवले होते. विक्रेता संस्था केवळ नावापुरती असल्याचा निष्कर्ष काढून ‘सेबी’ने डिसेंबरमध्ये समभागांची नोंदणी नाकारली आणि अर्जदारांना पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्या विक्रेत्याचे दरपत्रक माहितीपत्रकात पहिल्यापासून नमूद होते.