शंभर बिलांची परीक्षा

बिलं वाचून नोंदी करणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी आपल्याच फायलीतली शंभर बिलं काढावीत. त्यांत पुसट थर्मल पावत्या आणि हस्तलिखित बिलंही हवीत. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करून, फरक मूळ कागदावर तपासून उत्तरपत्रिका बनवावी. ऑपरेटरचं रोजचं काम आणि यंत्राचं काम, दोन्ही तिच्याशीच ताडावीत, कारण माणूसही चुकतो.

समजा, प्रत्येक बिलात आठ रकाने आहेत. आठशेपैकी चोवीस चुकले, तर अचूकता ९७ टक्के. पण त्या चुका वीस बिलांत विखुरल्या असतील, तर पूर्ण बरोबर बिलं ऐंशीच. माझ्या मते खरा आकडा हाच.

वेळ मोजताना तपासणी धरायलाच हवी. हाताने बिलामागे चार मिनिटं, म्हणजे ४००. यंत्रानंतर प्रत्येक बिल तपासायला एक मिनिट आणि चुकलेली वीस दुरुस्त करायला तीन-तीन, म्हणजे १६०. वाचली २४० मिनिटं.

जीएसटी क्रमांकातलं शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, म्हणून तिथली चूक सहसा पकडली जाते. रकमांची बेरीजही जुळवता येते. बिल क्रमांकाला असा आधार नाही. तिथे शून्याचा ‘ओ’ झाला, तर तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.